निवेदनातला एक चुकलेला शब्द बदलायचा, आणि जोड ऐकू येऊ द्यायचा नाही

समजा, निवेदनाच्या फाइलमध्ये हे वाक्य आहे: ‘त्या रात्री समुद्रावरचा वारा पूर्वेकडून वाहत होता.’ संहितेत ‘पश्चिमेकडून’ होतं आणि निवेदकाने ‘पूर्वेकडून’ वाचलं. बाकी वाचन उत्तम आहे, परिच्छेदाची लय जमलेली आहे. फक्त एका शब्दासाठी सगळं पुन्हा वाचायला बसण्याची गरज नाही. हे एकच वाक्य घेऊन दुरुस्ती कशी करायची ते पाहू. सॉफ्टवेअर म्हणून मी Audacity धरलं आहे, कारण ते विनामूल्य आहे आणि बहुतेक नवखे लोक त्यातच काम सुरू करतात. दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर वापरत असाल तरी कामाचा क्रम हाच राहील.

नवखा माणूस सहसा नवा शब्द रेकॉर्ड करतो, जुना कापतो, नवा त्याच्या जागी ठेवतो आणि ऐकतो. शब्द बरोबर असतो, आवाजही त्याच माणसाचा असतो, तरी काहीतरी खटकतं. याचं कारण बहुतेक वेळा शब्दाच्या दोन्ही बाजूंच्या शांततेत सापडतं. म्हणून आधी तिच्याकडे बघू.

शांततेतही आवाज असतो

कोणी बोलत नसतानाही माइक काहीतरी टिपत असतो. पंख्याची घरघर, संगणकाचा आवाज, भिंतीपलीकडची रहदारी, शिवाय माइक आणि त्याचा आवाज वाढवणारा प्रीअँप यांची स्वतःची बारीक खरखर. या सगळ्याचं मिश्रण म्हणजे त्या खोलीचा रूम टोन. ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण तो अखंड असतो. तो तुटला किंवा बदलला की मात्र कान लगेच सावध होतो. म्हणूनच शब्द काढलेल्या जागी `Silence Audio` वापरून पूर्ण शून्य भरलं, तर तिथे क्षणभर आवाजच बंद पडल्यासारखं वाटतं. हेडफोन लावलेल्या माणसाला तर ते फारच स्पष्ट कळतं.

आणखी एक गोष्ट कामाची आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्याखालचे हळू आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. तो आवाज थांबल्यावरही साधारण १०० ते २०० मिलिसेकंद कान पूर्ववत व्हायला घेतो. त्यामुळे एखादा स्वर संपल्याबरोबर लगेच केलेला काप झाकला जातो, आणि दोन वाक्यांमधल्या लांब विरामाच्या मधोमध केलेला काप उघडा पडतो. विराम रिकामा दिसतो म्हणून तिथेच कापणं सोपं वाटतं, पण खरी काळजी तिथेच घ्यावी लागते.

हे सगळं काम मूळ, प्रक्रिया न केलेल्या रेकॉर्डिंगवर करा. मोठ्या आणि हळू आवाजांतला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर लावून पातळी वर आणली की त्याबरोबर रूम टोनही वर येतो. नॉइज रिडक्शन लावलं की रूम टोनचा पोतच बदलतो. आधी जोडकाम पूर्ण करायचं आणि मग पूर्ण ट्रॅकवर एकसारखी प्रक्रिया करायची, हा क्रम सोडू नका. हातात फक्त प्रक्रिया झालेली फाइल असेल तर नव्या तुकड्यावरही तंतोतंत तीच साखळी, त्याच सेटिंगने आणि त्याच क्रमाने लावावी लागेल.

रूम टोन कुठून घ्यायचा

रेकॉर्डिंगच्या वेळीच ३० ते ६० सेकंद रूम टोन घेऊन ठेवणं सगळ्यात चांगलं. निवेदकाने माइकसमोर आपल्या जागेवरच बसून राहायचं, तोंड मिटलेलं, हालचाल नाही, गिळणं नाही, कागदाला हात नाही. माणूस उठून गेला की खोली थोडी वेगळी वाजते, कारण शरीर आणि कपडे आवाज शोषतात. गेनला, म्हणजे माइकची पातळी ठरवणाऱ्या बटणाला, हात लावायचा नाही आणि वाचनाच्या वेळी जे जे चालू होतं ते चालूच ठेवायचं. अनेक जण टोन घेताना पंखा बंद करतात, आणि मग तो टोन त्या रेकॉर्डिंगला लागूच पडत नाही.

तरीही माझी पहिली पसंती वेगळीच आहे. चुकलेल्या शब्दाच्या अगदी जवळच्या विरामांतून मिळणारा टोन मी आधी शोधतो. रेकॉर्डिंग तासभर चाललं असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा टोन क्वचितच सारखा असतो. यंत्रं मध्येच चालू-बंद होतात, बाहेरची रहदारी कमी-जास्त होते. चूक बाविसाव्या मिनिटाला असेल तर एकविसाव्या आणि तेविसाव्या मिनिटामधले विरामच खरे सोबती. वेगळा घेतलेला लांब टोन हाताशी हवाच, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा.

विरामातून टोन उचलताना त्याचा नेमका मधला भाग घ्या. वाक्य संपल्यावर पहिले २०० ते ३०० मिलिसेकंद शेवटच्या अक्षराचा प्रतिध्वनी विरत असतो, आणि पुढच्या वाक्याच्या आधी निवेदकाचा श्वास असतो. पाऊण सेकंदाच्या विरामातून म्हणूनच खरा निव्वळ टोन कधीकधी पाव सेकंदच निघतो. आपल्या दुरुस्तीला बहुतेक वेळा तेवढा पुरतो. जास्त हवा असेल तर एकच तुकडा परतपरत चिकटवू नका. त्यात एखादी बारीकशी टिकटिक असेल तर ती ठरावीक अंतराने परत येते, आणि अशी लय कान फार लवकर पकडतो. त्याऐवजी तीन-चार वेगवेगळ्या विरामांतले तुकडे घेऊन क्रॉसफेडने जोडा, म्हणजे एकाचा शेवट हळूहळू कमी होत असतानाच त्यावर दुसऱ्याची सुरुवात हळूहळू वर येऊ द्या.

नवा शब्द कसा वाचून घ्यायचा

निवेदकाकडून फक्त ‘पश्चिमेकडून’ वाचून घेऊ नका. सुटा शब्द सुट्यासारखाच बोलला जातो. सुरुवात जोरकस होते, शेवट खाली येतो आणि आजूबाजूच्या शब्दांशी त्याचा संबंध राहत नाही. आधी निवेदकाला मूळ रेकॉर्डिंगमधली आधीची दोन वाक्यं आणि हे वाक्य हेडफोनवर ऐकवा. मग आधीच्या वाक्यापासून सुरू करून पुढच्या वाक्यापर्यंत तीनदा वाचायला सांगा. आपल्याला त्यातला जेमतेम अर्धा सेकंद लागणार आहे, पण तो अर्धा सेकंद चालत्या वाचनातून आलेला हवा.

माइक तोच, गेन तोच, खोली तीच आणि तोंडापासून माइकचं अंतरही तेच हवं. यात अंतराकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. निवेदनासाठी सहसा कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त टिपणारा माइक वापरतात. तोंड जवळ आलं की त्यात खालच्या पट्टीतला, खर्जाचा भाग वाढतो. चार बोटांचा फरक पडला तरी नवा शब्द जास्त जाड किंवा पातळ वाटू शकतो, आणि तो फरक नंतर इक्वलायझरने पूर्ण भरून निघत नाही. पहिल्या दिवशी अंतर मोजून लिहून ठेवलं असेल तर हा प्रश्नच येत नाही. वेळही जुळली तर उत्तम. सकाळी उठल्याउठल्या आवाज सहसा जड असतो, आणि संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये असा तुकडा बसवला तर तो उपरा वाटतो.

नवीन वाचनासोबत त्या दिवशीचाही १५-२० सेकंदांचा रूम टोन घ्या. पुढची पातळी जुळवणी त्यामुळे सोपी होते.

निवेदकाला परत बोलावणं शक्य नसेल तर संहितेत तोच शब्द दुसरीकडे आला आहे का ते शोधा. वाक्यात साधारण त्याच जागी, तशाच चढ-उतारात तो आला असेल, तर तो नव्या वाचनापेक्षाही चांगला बसू शकतो, कारण दिवस आणि अंतर दोन्ही आधीच जुळलेले असतात.

आधी आवाजाची पातळी, मग टोनची

Audacity मध्ये प्रकल्पाची एक प्रत सेव्ह करा आणि तीन ट्रॅक ठेवा: वर मूळ निवेदन, त्याखाली नवं वाचन, सगळ्यात खाली रूम टोन.

पूर्ण वाक्य पुन्हा वाचून घेतल्याचा फायदा आता मिळतो. ‘वाहत होता’ हे शब्द दोन्ही वाचनांत आहेत, तेव्हा तुलनेसाठी तेच घ्या. जुनं ‘वाहत होता’ ऐका, लगेच नवं ऐका. नवं हळू वाटत असेल तर `Amplify` ने अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने वर आणा. लाटांची उंची डोळ्यांनी जुळवायचा मोह होतो, पण इथे निर्णय कानाने घ्या. एखाद्या व्यंजनाचा टोकदार उंचवटा डोळ्यांना फसवतो.

हे झाल्यावरच रूम टोनची तुलना करायची, कारण नवा तुकडा २ डेसिबलने वर नेला की त्याखालचा टोनही २ डेसिबलने वर जातो. `Analyze` मेनूतल्या `Contrast` मध्ये निवडलेल्या भागाची सरासरी पातळी मोजता येते. मूळ रेकॉर्डिंगच्या विरामातला शांत भाग मोजा आणि पातळी बदलल्यानंतरच्या नव्या वाचनातला शांत भाग मोजा.

आपल्या उदाहरणात मूळ टोन उणे ६४ डेसिबल आणि नव्या वाचनाचा टोन उणे ६८ डेसिबल आला असं धरू. म्हणजे नवा तुकडा जास्त स्वच्छ आहे. गंमत अशी की हा स्वच्छपणाच जोड उघडा पाडतो. ‘पश्चिमे’ बोलेपर्यंत मागची खरखर एकदम कमी होते आणि पुढे परत येते. तेव्हा नव्या तुकड्याखाली मूळ रूम टोनचा पातळ थर ठेवायचा. किती पातळ? दोन वेगवेगळे टोन एकत्र आले की त्यांची ऊर्जा मिळवली जाते. सारख्या पातळीचे दोन टोन एकावर एक ठेवले तर एकूण पातळी ३ डेसिबलने वाढते. उणे ६८ ला उणे ६४ पर्यंत न्यायला उणे ६६ च्या आसपासचा थर पुरतो. म्हणजे मूळ टोन साधारण २ डेसिबलने खाली आणून तुकड्याखाली ठेवायचा. तो तसाच, न कमी करता ठेवला तर बेरीज मूळपेक्षा दीडेक डेसिबलने जास्त होते आणि शब्दाखाली हलकीशी फुगवटी येते.

दोन्ही टोनांमधला फरक एक डेसिबलच्या आत असेल तर हा थर ठेवूच नका. नव्या तुकड्याकडे स्वतःचा टोन आधीच आहे, आणि खाली विनाकारण आणखी एक पसरणं ही नवख्यांची नेहमीची सवय आहे. रूम टोन जिथे भोक आहे तिथे भरायचा असतो.

उलट स्थिती जास्त त्रासाची आहे. नवा तुकडा मूळपेक्षा जास्त खरखरीत असेल तर थर ठेवून काही साधत नाही. फरक थोडा असेल तर वरच्या ट्रॅकखाली, जोडाच्या दीड-दोन सेकंद आधीपासून, रूम टोन हळूहळू वर आणता येतो आणि जोडानंतर तसाच हळूहळू खाली नेता येतो. सावकाश होणारा बदल कानाला कळत नाही, अचानक झालेला कळतो. फरक मोठा असेल तर खोली शांत करून पुन्हा वाचून घेणंच बरं.

कुठे कापायचं

माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य इथे आहे, आणि ते शिकायला सॉफ्टवेअरपेक्षा स्वतःचं तोंड जास्त उपयोगी पडतं.

‘वारा पूर्वेकडून’ हे सावकाश बोलून पाहा. ‘वारा’मधला ‘आ’ संपतो, ओठ मिटतात, क्षणभर काहीच आवाज येत नाही आणि मग ओठ उघडताना ‘प’ फुटतो. ओठ मिटलेले असतानाचा हा काळ सलग बोलण्यात साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांचा असतो. त्या वेळात रेकॉर्डिंगमध्ये फक्त विरत जाणारा ‘आ’ आणि रूम टोन असतो. क, च, ट, त, प या अघोष व्यंजनांच्या आधी अशी बंद जागा मिळते. लाटांचं चित्र मोठं करून पाहिलं की ‘प’च्या उभ्या फटक्याआधी जवळजवळ सपाट रेघ दिसेल. काप तिथे घ्यायचा.

आपल्या वाक्यात नशिबाने दोन्ही टोकं फार सोयीची आहेत. ‘पूर्वेकडून’ आणि ‘पश्चिमेकडून’ दोन्ही ‘प’नेच सुरू होतात. म्हणजे आधीच्या ‘आ’कडून ओठ मिटण्याकडे होणारा प्रवास दोन्ही वाचनांत सारखाच आहे. आणि दोन्ही शब्दांत ‘कडून’च्या आधी ‘ए’ स्वर आहे, म्हणजे ‘ए’कडून ‘क’कडे जाणाराही प्रवास सारखा. त्यामुळे अख्खा शब्द बदलायचीही गरज नाही. मूळमधलं फक्त ‘पूर्वे’ काढायचं, नव्या वाचनातलं ‘पश्चिमे’ बसवायचं, आणि ‘कडून वाहत होता’ जुनंच ठेवायचं. वाक्याचा शेवटचा उतार जुनाच राहिल्यामुळे पुढच्या वाक्याशी असलेला सांधाही शाबूत राहतो.

बंद जागेत नेमकं कुठे? फटक्याच्या १० ते १५ मिलिसेकंद आधी. स्वर संपल्यावर त्याचा खोलीतला प्रतिध्वनी बंद जागेतही थोडा उरतो, आणि तो ज्याचा त्याच्याकडेच राहायला हवा. म्हणजे ‘वारा’चं शेपूट मूळ ट्रॅकमध्ये पूर्ण राहू द्या आणि ‘प’ फुटायच्या किंचित आधी नव्या वाचनावर या. दुसऱ्या टोकाला ‘मे’चं शेपूट नव्या वाचनातलं घ्या आणि ‘क’ फुटायच्या किंचित आधी मूळवर परत जा. शेपूट मध्येच तुटलं तर शब्द कात्रीने कापल्यासारखा कोरडा संपतो. रूम टोन कितीही जुळलेला असला तरी हा दोष लपत नाही.

सगळी वाक्यं इतकी सोपी नसतात. इथे बरोबर शब्द ‘उत्तरेकडून’ असता तर? ‘वारा उत्तरेकडून’मध्ये ‘आ’ सरळ ‘उ’मध्ये मिसळतो, मध्ये बंद जागाच नाही. स्वराच्या मध्यावर केलेला जोड जवळजवळ नेहमी ऐकू येतो, कारण दोन वाचनांतली स्वराची पट्टी बिनचूक सारखी कधीच नसते. तेव्हा काप मागे सरकवायचा. ‘वारा’चा ‘व’ही घोष आहे, तिथेही उपयोग नाही. ‘समुद्रावरचा’मधल्या ‘च’च्या आधी बंद जागा मिळते, पण मला त्याहून मागे, सुरुवातीच्या ‘स’पर्यंत जाणं जास्त आवडतं. ‘स’ म्हणजे निव्वळ फूत्कार. एका फूत्कारातून दुसऱ्यात १०-२० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने गेलं तर कळत नाही, आणि पूर्ण शब्द एकाच वाचनातला राहतो. मग ‘समुद्रावरचा वारा उत्तरे’ एवढा भाग नव्या वाचनातला घ्यायचा. तुकडा मोठा झाला म्हणून बिचकू नका. वाईट जागी संपणाऱ्या छोट्या तुकड्यापेक्षा चांगल्या जागी संपणारा मोठा तुकडा केव्हाही बरा.

प्रत्यक्ष जोड

मूळ ट्रॅकवर पहिल्या कापाच्या जागी कर्सर ठेवा, `Z` दाबून तो लाटेच्या शून्य बिंदूवर आणा आणि `Ctrl+I` ने क्लिप तोडा. ‘कडून’च्या आधीही तसंच करा. मधला ‘पूर्वे’ निवडून `Ctrl+Alt+K` दाबा. तो भाग निघून जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. नव्या वाचनातून ‘पश्चिमे’ असाच कापून घ्या, पण दोन्ही बाजूंना ८-१० मिलिसेकंद जास्तीचे राहू द्या. क्रॉसफेडला तेवढी जागा लागते.

आता नवी क्लिप दुसऱ्या ट्रॅकवर सरकवून तिची सुरुवात मूळच्या ‘वारा’च्या शेपटावर ८-१० मिलिसेकंद चढेल अशी ठेवा. ‘पूर्वे’ दोन अक्षरांचं आणि ‘पश्चिमे’ तीन अक्षरांचं, म्हणून जागा कमी पडणार हे उघड आहे. समजा ‘पूर्वे’ने ३१० मिलिसेकंद घेतले होते आणि ‘पश्चिमे’ला ४२० लागतात. ते ताणून किंवा दाबून बसवू नका, वेग बदलला की आवाजाचा पोत बिघडतो. ‘कडून’पासून पुढचं सगळं ११० मिलिसेकंदांनी पुढे सरकवा, आणि ‘कडून’ची सुरुवातही नव्या क्लिपच्या शेवटावर ८-१० मिलिसेकंद चढलेली ठेवा.

चढलेला भाग दोन्ही ट्रॅकवर मिळून निवडा आणि `Effect` मेनूतलं `Crossfade Tracks` लावा. त्यात `Constant Gain`, `Constant Power 1` आणि `Constant Power 2` असे पर्याय दिसतात. आपण रूम टोनवरून रूम टोनवर जात आहोत. दोन्ही टोन एकमेकांशी असंबद्ध आहेत, म्हणून `Constant Power` पैकी एक निवडा. `Constant Gain` मध्ये असंबद्ध आवाजांची पातळी मधोमध सुमारे ३ डेसिबलने खाली जाते. १० मिलिसेकंदांत ते कळणार नाही, पण लांब विरामातल्या क्रॉसफेडमध्ये तो खळगा ऐकू येतो. तेव्हा सवय सुरुवातीपासूनच योग्य लावलेली बरी. ठरवलेला थर असेल तर तो तिसऱ्या ट्रॅकवर नव्या क्लिपखाली ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना तेवढ्याच लांबीचे फेड द्या.

एक अडचण इथे वारंवार येते. नव्या वाचनात ‘प’च्या आधी, ओठ सुटताना, बारीकशी ‘चट्’ आवाजाची टिचकी ऐकू येते. ती फटक्याला अगदी चिकटलेली नसेल तर नवी क्लिप टिचकीनंतर सुरू करा. त्यामुळे ‘वारा’ आणि ‘प’ यांच्यामध्ये जी ३०-४० मिलिसेकंदांची पोकळी उरेल, तिथे जवळच्या विरामातला रूम टोन ठेवा, दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंद चढवून. ती पोकळी ओढून बंद करू नका. ओठ मिटलेले राहण्याचा वेळ कमी झाला की ‘प’ कमजोर होतो आणि काही वेळा ‘ब’सारखा ऐकू येतो. इतका लहान टोनचा तुकडा शब्दाचं उच्चारण वाचवतो.

सरकलेली वेळ कुठे जिरवायची

फक्त आवाजच असेल आणि खाली काही नसेल, तर ११० मिलिसेकंद पुढे सरकू द्या. चित्रफितीशी किंवा संगीताशी वेळ बांधलेली असेल तर ते वाक्यानंतरच्या विरामातून कमी करा. ७०० मिलिसेकंदांचा विराम ५९० चा झाला तर वाचनाची लय बिघडत नाही. कापायचा भाग मधला घ्या, म्हणजे प्रतिध्वनीही वाचतो आणि पुढचा श्वासही. श्वासाला हात लावू नका. अर्धा कापलेला श्वास कोणालाही कळतो.

विराम ही उघडी जागा आहे, म्हणून इथला क्रॉसफेड ५० ते १०० मिलिसेकंदांचा ठेवा. नवा शब्द जुन्यापेक्षा लहान असेल तर उलट करायचं. विरामाच्या मध्यभागी तोडून तेवढाच रूम टोन भरायचा, दोन्ही बाजूंना असेच लांब क्रॉसफेड देऊन. टोनमध्ये विजेची गुणगुण, ५० किंवा ६० हर्ट्झचा हम, असेल तर आणखी एक काळजी घ्या. दोन तुकड्यांतल्या हमच्या लाटा उलट्या दिशेने आल्या तर क्रॉसफेडच्या मध्यावर हम क्षणभर गायब होतो. टोनचा तुकडा काही मिलिसेकंद पुढेमागे सरकवून लाटा एका दिशेने आणल्या की हा दोष जातो.

जोड खरंच लपला का

जोडावरच थांबून पंधरा वेळा ऐकू नका. कानाला तो सरावाने नैसर्गिक वाटू लागतो. दोन वाक्यं आधीपासून सुरू करा, पडद्यावरून नजर काढा आणि सलग ऐका. डोळ्यांना जोडाची जागा दिसत असली की कान तिथे काहीतरी ऐकल्याचं ठरवून टाकतो, किंवा काहीच नसल्याचं.

मग शेवटी लावणार असलेली कॉम्प्रेशनची साखळी या भागाच्या प्रतीवर लावून ऐका. कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये न कळणारा टोनचा उतार कॉम्प्रेशननंतर वर येतो. ऑडिओबुकचं काम असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एसीएक्ससारख्या ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या ठिकाणी शांत भागाची पातळी उणे ६० डेसिबलपेक्षा कमी असावी असा नियम आहे, आणि भरलेला थर त्यात मोजला जातोच.

ऐकून शंका राहिली तर ट्रॅकच्या मेनूतून `Spectrogram` उघडा. जोडाच्या जागी वरपासून खालपर्यंत बारीक उभी रेघ दिसली तर ती टिचकी आहे. काप शून्य बिंदूवर नाही किंवा क्रॉसफेड फार तोकडा आहे. शब्दांमागची पार्श्वभूमी एखाद्या ठिकाणी एकदम उजळ किंवा गडद होत असेल तर टोनची पातळी जुळलेली नाही, थर पुन्हा मोजा. चित्र स्वच्छ आहे तरी शब्द उपरा वाटत असेल, तर दोष वाचनात आहे. चढ-उतार किंवा माइकचं अंतर चुकलं आहे, आणि टोनवर काम करून ते सुटणार नाही. तीन वाचनांपैकी दुसरं घेऊन बघा.

शेवटची चाचणी दुसऱ्या माणसाची. संहिता हातात देऊ नका, चूक कोणती होती ते सांगू नका. पूर्ण परिच्छेद ऐकवून फक्त एवढंच विचारा की यात कुठे कापलेलं आहे. त्याने दुसरीच एखादी जागा दाखवली तर काम झालं.

कधी हात लावू नये

निवेदनाखाली संगीत आधीच मिसळून एकच फाइल झालेली असेल तर हा उपाय चालत नाही. नव्या शब्दाखाली तेच संगीत त्याच क्षणाचं आणता येत नाही. सुटा निवेदनाचा ट्रॅक मागवा. निवेदकाला सर्दी झाली असेल तर थांबा. नाकातून येणारा आवाज एका शब्दापुरताही लपत नाही. आणि एकाच परिच्छेदात असे तीन-चार शब्द बदलायचे असतील तर जोडत बसण्यापेक्षा परिच्छेदच पुन्हा वाचून घ्या. एकेक जोड सुटा ऐकला तर निर्दोष असतो, पण ते जवळजवळ आले की वाचनाची लय खडबडीत होते, आणि तीन ठिकाणची पातळी जुळवण्यात जो वेळ जातो त्यात परिच्छेद दोनदा वाचून होतो. तेव्हा काप फक्त परिच्छेदाच्या दोन टोकांच्या विरामांत येतो, आणि तिथे वर सांगितलेला लांब क्रॉसफेड पुरतो.